वाटाण्याएवढं म्हणजे किती? सीरम, क्रीम आणि फेसवॉशची मापं

जानेवारीतली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या मेडिकलच्या काउंटरवर माझी भाची येऊन उभी राहिली. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढलेला. सोडला तेव्हा दिसलं, नाकपुड्यांच्या कडा लालबुंद, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा आणि हनुवटीवर पापुद्रे. मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी तिला अॅडॅपलीनची जेल लिहून दिली होती, १५ ग्रॅमची ट्यूब. पाच तारखेला ती माझ्याकडूनच नेली होती आणि आज बावीस तारखेला दुसरी मागायला आली होती.

"किती लावतीस?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. वाटाण्याएवढं."

माझा विश्वास बसला नाही. वाटाण्याएवढी जेल रोज रात्री लावली तर १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरते. हिची सतरा रात्रींत संपली. ही मुलगी खोटं बोलणारी नाही, मग चूक वाटाण्यातच असली पाहिजे.

माझे धाकटे दीर गुजरीत चांदीच्या दुकानात बसतात. त्यांच्याकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आहे. त्या रात्री मी तो मागून घेतला, त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून काटा शून्यावर आणला आणि भाचीला म्हटलं, काढ तुझा वाटाणा. तिनं दुकानातल्या उघड्या नमुना ट्यूबमधून काढला. काट्यावर आकडा आला ०.८६ ग्रॅम. १५ ला ०.८६ नं भागलं की सतरा येतात. हिशोब चोख होता, पोरगी खरंच रोज तेवढंच लावत होती.

मग मी काढून दाखवलं. पाव ग्रॅम. कागदावर तो ठिपका इतका केविलवाणा दिसला की ती म्हणाली, "मावशी, एवढंसं? ह्यानं काय हुतंय?" शेजारी उभ्या दिरांनी आकडा वाचला आणि हसले, "वहिनी, हे तर दोन गुंजा भरतंय." सोनाराची जुनी गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. दोन गुंजा म्हणजे पाव ग्रॅमला अगदी थोडं कमी. डॉक्टरांनी भाचीला वाटाण्याऐवजी दोन गुंजांएवढं सांगितलं असतं तर तिची त्वचा वाचली असती, असं मला तेव्हापासून वाटतं. पण गुंज आता बघितलीय कुणी?

तेव्हापासून तो काटा अधूनमधून माझ्याकडे येतो आणि घरातली प्रत्येक बाटली, ट्यूब, पंप मी त्यावर ठेवून बघते. त्यातून जे कळलं ते खाली लिहिते. काटा नसला तरी चालतं, त्याची युक्ती शेवटी आहे.

वाटाणा फसवतो कसा

वाटाणा कोरडा घेतला तर ६-७ मिलिमीटरचा. सोललेला हिरवा मटार ८ ते १० चा. रात्रभर भिजवून टपोरलेला त्याहून मोठा. डोळ्याला हा फरक फार वाटत नाही. पण ८ मिलिमीटरच्या गोळीत ०.२७ मिली माल बसतो, १० च्या गोळीत ०.५२ आणि १२ च्या गोळीत ०.९०. रुंदी दीडपट झाली की माल तिपटीहून जास्त होतो. भाचीच्या डोळ्यासमोर भिजवलेला वाटाणा होता, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर लहानसा मटार. दोघंही 'वाटाणा'च म्हणत होते.

म्हणून वाटाणा हे माप ज्या औषधांत जास्तीचं नडतं त्यांच्यासाठी एकदा नीट बसवून घ्यावं लागतं. ही औषधं म्हणजे रेटिनॉइड गटातली: अॅडॅपलीन, ट्रेटिनॉइन आणि दुकानात सहज मिळणारी रेटिनॉल क्रीमं. पूर्ण चेहऱ्याला पाव ग्रॅम पुरतं. जास्त लावलं म्हणून मुरमं लवकर जात नाहीत. फक्त सालपटं निघतात, आग होते आणि माणूस वैतागून औषधच सोडून देतो.

पाव ग्रॅम चेहऱ्यावर पसरायचं कसं, हा पुढचा प्रश्न. एकाच गालावर ठेवून ओढत नेलं तर त्या गालाला सगळं मिळतं आणि कपाळ कोरडं राहतं. म्हणून तो ठिपका आधी बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि आरशासमोर पाच ठिकाणी नुसता टेकवायचा: कपाळावर दोन, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक. नाकाला वेगळं काही नाही, बोटावर उरलेलं पुरतं. मग प्रत्येक ठिपका बाहेरच्या दिशेनं पसरायचा. पापण्या, नाकपुडीची खाच आणि ओठांचे कोपरे वगळायचे. पसरताना औषध तिथं आपोआप साचतं, भाचीचं तिथंच सोललं होतं. मी तिला त्या तीन जागांवर आधी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायला सांगितला, डाळीच्या दाण्याएवढं पुष्कळ झालं.

चेहरा धुतल्यावर लगेच लावू नका. पंधरा-वीस मिनिटं कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेवर हे औषध जास्त झोंबतं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिले दोन-तीन आठवडे दिवसाआड लावलेलं बरं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नकोच, आधी डॉक्टरांशी बोला. आणि चेहरा भाचीसारखा सोलला असेल तर माप सुधारत बसू नका. औषध थांबवून साधं मॉइश्चरायझर लावा आणि डॉक्टरांना दाखवा. तिलाही मी दुसरी ट्यूब दिली नाही, परत डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दहा दिवस बंद ठेवून मग दिवसाआड सुरू केलं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच औषधांना लागू करू नका. वाटाणा हे रेटिनॉइडचं माप. एक्झिमासाठी किंवा नायट्यासाठी डॉक्टर क्रीम लिहून देतात तेव्हा कंजूषपणा केला तर आजार बरा होत नाही. त्याचं माप वेगळं, त्याच्याकडे मॉइश्चरायझरच्या ओघात येते.

थेंब

सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं असतं 'तीन-चार थेंब'. पाण्यासारख्या पातळ द्रवाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिली, म्हणजे एक थेंब ०.०५ मिली. पण सगळे थेंब सारखे नसतात. ड्रॉपरच्या काचेचं टोक जितकं रुंद तितका थेंब मोठा, आणि द्रव तेलकट असेल तर थेंब लवकर सुटतो, म्हणून लहान पडतो. माझ्याकडच्या नायसिनामाइडच्या सीरमचे दहा थेंब स्टीलच्या चमच्यात मोजले तर ०.४२ ग्रॅम भरले. त्याच ड्रॉपरनं चेहऱ्याच्या तेलाचे दहा थेंब घेतले तर ०.२४. ड्रॉपर उभा धरला की थेंब वेगळा, तिरका धरला की वेगळा. मोजताना नेहमी उभाच धरायचा.

चेहऱ्याला ०.१५ ते ०.२ मिली सीरम पुरतं. पातळ सीरमचे हे तीन-चार थेंब झाले. मानेलाही लावायचं असेल तर आणखी दोन. तेल असेल तर चार-पाच थेंब घेतले तरी हात तेवढाच पडतो, पण तेलकट त्वचेवर दोनच बास.

लोकांची मोठी चूक थेंबात नसते, ड्रॉपर भरून घेण्यात असते. रबराची टोपी एकदा दाबून सोडली की काचेत अर्धा मिलीच्या आसपास चढतं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत बघून ते सगळं कपाळावरून गालांवर ओघळवलं जातं. त्यात दहा थेंब जातात. दिसायला छान दिसतं, पण निम्म्याहून जास्त माल हातावर, उशीवर आणि केसांच्या मुळाशी जातो. शिवाय काचेचं टोक गालाला टेकतं आणि गालावरचे जंतू घेऊन परत बाटलीत जातं. थेंब तळहातावर घ्या, दोन बोटांनी उचला आणि चेहऱ्यावर टेकवा. सबंध तळहाताला चोळून मग चेहऱ्याला लावलं तर हातच बरंचसं पिऊन टाकतात.

जास्त झालं हे ओळखायची खूण सोपी आहे. सीरम लावल्यावर एक-दोन मिनिटांनी बोटाची मागची बाजू गालाला लावून बघा. बोट चिकटत असेल तर जास्त झालं. वरून मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीन लावताना पांढऱ्या बारीक सुरळ्या सुटत असतील, अंघोळीत मळ निघावा तशा, तर नक्कीच जास्त झालं. बऱ्याच जणी ते कातडं निघतंय समजून घाबरतात. ते कातडं नसतं. नीट न मुरलेल्या थरावर दुसरा थर घासला गेला की त्याच्या गोळ्या होतात. एक थेंब कमी करा आणि दोन थरांत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

कमी वापरण्यातही एक गंमत आहे. माझ्या जाऊबाई काटकसरी. व्हिटॅमिन सी चं ३० मिलीचं सीरम त्यांनी दोन-दोन थेंबांनी वापरलं, तेही आठवलं तर. आठ महिन्यांनी बाटली दाखवायला आणली, "बघ, अजून निम्मं आहे." आत काकवीसारखा तपकिरी रंग आला होता. व्हिटॅमिन सी म्हणजे एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड, ते हवा, उजेड आणि उष्णता लागली की बिघडतं. आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी. फिकट पिवळं झालं तर अजून वापरता येतं, तपकिरी झालं की टाकून द्यायचं. ३० मिलीच्या बाटलीत सुमारे सहाशे थेंब असतात. रोज सकाळी चार थेंबांनी ती पाच महिने जाते, आणि या सीरमला पाच महिने फारच झाले. त्यापेक्षा १५ मिलीची बाटली घ्या, किंवा मानेसकट सहा-सात थेंब लावून तीन महिन्यांत संपवा. इथं हात सैल सोडणंच स्वस्त पडतं. नायसिनामाइडला ही घाई नाही, ते टिकतं.

पंप

पंप हे सगळ्यांत बेभरवशाचं माप. 'दोन पंप लाव' या वाक्याला बाटली कुठली हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही. सीरमच्या बारीक पंपातून एका दाबाला ०.१५ ते ०.२५ मिली येतं. अंगाला लावायच्या लोशनच्या मोठ्या पंपातून दीड-दोन मिली येतं. म्हणजे आठ-दहा पट फरक. ओळखीतल्या एका बाईंच्या क्रीमचा पंप तुटला. त्यांनी जुन्या बॉडी लोशनचा पंप त्या बाटलीला बसवला, सवयीप्रमाणे दोन दाब देत राहिल्या आणि दोन महिन्यांचं क्रीम दोन आठवड्यांत संपलं. वर म्हणाल्या, कंपनीनं माल कमी भरला.

आपला पंप मोजायचा असेल तर असं करा. नवीन बाटलीचे पहिले काही दाब हवा सोडतात, ते धरू नका. मग एकसारखे पाच पूर्ण दाब एका वाटीत घ्या, वजन करा आणि पाचानं भागा. काटा नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा खुणांचा प्लास्टिकचा पेला घ्या. मोठ्या पंपाचं माप त्यावर बरोबर येतं. बारीक पंपासाठी मेडिकलमधून सुई नसलेली दोन मिलीची सिरिंज आणा, मागचा दांडा काढा, टोकावर बोट धरा आणि वरून दाबत जा. पाच दाब कुठल्या रेघेपर्यंत आले ते दिसतं. मोजलेलं वाया घालवू नका, हातापायांना लावून टाका. मग बाटलीच्या बुडाशी मार्करनं लिहून ठेवा: १ दाब ०.२. इतकंच.

अर्धा दाब देऊन निम्मा माल येतो या भरवशावर राहू नका. पंपातली स्प्रिंग आणि त्यात अडकलेली हवा यांमुळे अर्ध्या दाबाला कधी काहीच येत नाही, कधी जवळजवळ सगळं येतं. निम्मं हवं असेल तर एक पूर्ण दाब घेऊन चेहरा आणि मान दोन्हीला लावा.

मॉइश्चरायझर: बोटाचं पेर

इथं एक चांगलं माप आहे आणि ते आपल्या हातावरच आहे. १९९१ साली लाँग आणि फिनले या ब्रिटनमधल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी ते मांडलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत, ट्यूबमधून सरळ पट्टी काढायची. ते झालं एक माप: पुरुषाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम, बाईच्या बोटावर ०.४. एवढ्यात आपल्या दोन तळहातांएवढी जागा, बोटांसकट, भागते. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं. हे माप मुळात डॉक्टरांच्या औषधी क्रीमांसाठी आहे. चिठ्ठीवर 'पातळ थर' एवढंच लिहिलं असेल तर किती पेरं लावायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

यात एक अट लोक विसरतात. हे माप ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ट्यूबचं तोंड त्याहून बारीक असतं. तोंड ३ मिलिमीटरचं असेल तर तेवढ्याच लांबीच्या पट्टीत जेमतेम एक तृतीयांश माल येतो. ट्यूबचं तोंड पट्टीवर ठेवून एकदा बघाच.

रोजच्या मॉइश्चरायझरला नुसत्या चेहऱ्यासाठी मी एक ते दीड पेर धरते. म्हणजे अर्धा ग्रॅम, फार तर पाऊण. डबीतलं असेल तर पेरावर पट्टी काढता येत नाही, तेव्हा छोटा चपटा चमचा घ्या. बोट बुडवलं की एक तर दरवेळी वेगळं येतं आणि नखातलं सगळं डबीत जातं. चमच्यावर हरभऱ्याच्या डाळीचे चार-पाच दाणे बसतील एवढं घेतलं की अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतं. हे माझ्या काट्यावरचं माप, आणि फेटलेल्या हलक्या क्रीमला ते लागू नाही. त्यात हवा असते, ते दिसायला दुप्पट दिसतं आणि वजनाला कमी भरतं.

आता कोल्हापूरचं हवामान. जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर ओल लागते. त्या हवेत चेहऱ्यातलं पाणी फारसं उडून जात नाही, म्हणून अर्धा ग्रॅम जाड क्रीम लावलं की तासाभरात चेहरा तुपकट होतो आणि कपाळावर बारीक पुळ्या येतात. पावसाळ्यात मी निम्म्यावर येते, पाव ग्रॅम, आणि क्रीमऐवजी जेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांचे गाल फुटतात, तेव्हा पाऊण ग्रॅम. तेही धुतलेला चेहरा टॉवेलनं नुसता टिपून, थोडा ओलसर असतानाच. कोरड्याठक्क त्वचेवर तेच क्रीम ओढलं जातं, सरकत नाही, आणि आपण नकळत आणखी घेतो. माप ऋतूबरोबर बदलायचं, आणि बदलताना बाकी काही बदलायचं नाही. एका वेळी क्रीमही नवं आणि मापही नवं असं केलं तर पुळ्या कशानं आल्या ते कधीच कळत नाही.

कमी पडलं तर कळतं कसं? लावताना बोटाखाली कातडी ओढली जाते. दुपारपर्यंत नाकाच्या बाजूला पांढरी रेघ उमटते. हसताना गाल ताणल्यासारखे वाटतात. जास्त झालं तर पाच मिनिटांनी गालाला टेकवलेला टिश्यू चिकटून राहतो.

फेसवॉश: फेसाचं ऐकू नका

फेसवॉशमध्ये माप कमी-जास्त झालं तर लगेच काही जळत नाही, म्हणून कुणी लक्षच देत नाही. एक ग्रॅमच्या आसपास पुरतं. रुपयाचं नाणं झाकेल एवढा पातळ ठिपका म्हणा, किंवा मोठ्या बाटलीचा एक दाब. फेस करून देणाऱ्या पंपातून हवाच जास्त येते, त्याचे दोन दाब लागतात. १०० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा एका माणसानं वापरली तर पन्नास दिवस जायला हवी. घरात एकच ट्यूब चौघं वापरत असतील तर हा हिशोब मांडायला जाऊ नका, भांडणं होतात.

गडबड होते ती फेसामुळे. नळाच्या पाण्यात चांगला फेस येतो आणि उपनगरातल्या अपार्टमेंटच्या बोअरच्या पाण्यात येत नाही. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी जुळून साका धरतो, बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो हाच. बहुतेक फेसवॉशचा तसा साका होत नाही, पण फेस कमी येतो. मग माणूस फेस येईपर्यंत ओतत राहतो. चेहरा फेसानं स्वच्छ होत नाही, त्यात विरघळलेल्या पदार्थानं होतो. बोअरचं पाणी असेल तर तेवढाच एक ग्रॅम घ्या, आधी ओल्या तळहातावर थेंबभर पाण्यात चांगला चोळा आणि मग चेहऱ्याला लावा. अर्धं मिनिट हलक्या बोटांनी फिरवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. जास्तीचा फेसवॉश केसांच्या रेषेत आणि जबड्याखाली राहून जातो आणि तिथंच खाज सुटते.

माप बरोबर आहे का हे बघायला एकदा धुतल्यावर दहा मिनिटं काही लावू नका आणि चेहऱ्याकडे लक्ष द्या. ताणल्यासारखं, चकचकीत आणि खरखरीत वाटलं तर जास्त झालं, किंवा तो फेसवॉशच तुमच्यासाठी कडक आहे. 'चर्र' आवाज येईल इतकी स्वच्छता भांड्यांना. कमी पडलं का हे बघायचं असेल तर पांढरा कापूस ओला करून नाकाच्या बाजूनं फिरवा. दुपारी कावळा नाक्यापासून दुचाकीवरून घरी आल्यावर एकदा धुऊन हे करून बघा. कापूस करडा आला तर माप वाढवू नका, आणखी अर्धं मिनिट बोटं फिरवा. सनस्क्रीनचा जाड थर असेल तर दुप्पट फेसवॉश घेण्यापेक्षा दोनदा अर्धा-अर्धा ग्रॅम घेतलेला बरा.

काटा नसेल तर तारखा

प्रत्येकाच्या घरी सोनाराचा काटा नसतो आणि त्याची गरजही नाही. ट्यूब उघडाल त्या दिवशी बुडाशी मार्करनं तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा बघा. पाकिटावर लिहिलेल्या ग्रॅमना वापरलेल्या वेळांनी भागा, एका वेळचं माप समोर येतं. डोळ्यानं केलेल्या अंदाजापेक्षा हे खात्रीचं, कारण डोळा दरवेळी आपल्या बाजूनं बघतो.

भाचीचं पुढचं सांगते. दुसरी ट्यूब फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडली, यावेळी पाव ग्रॅम आणि दिवसाआड. पहिल्या आठवड्यात तिनं रोज माझ्याकडे येऊन बटर पेपरवर ठिपका काढून दाखवला: ०.४१, ०.३५, ०.२२, ०.२८. पाचव्या दिवसापासून काट्याची गरज उरली नाही, हाताला वळण पडलं. मार्चअखेर डॉक्टरांनी रोज लावायला सांगितलं. तोवर सत्तावीस रात्री झाल्या होत्या, म्हणजे पावणेसात ग्रॅम, आणि ट्यूब निम्म्याहून जास्त भरलेली. गणित जुळत होतं. चेहरा शांत होता, मुरमंही कमी झाली होती.

तारखा लिहिण्याचा आणखी एक फायदा. बऱ्याच पॅकवर झाकण उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा. उघडल्यापासून तेवढे महिने ते वापरायचं. कधी उघडलं हेच लिहिलं नसेल तर त्या चित्राचा काही उपयोग नाही.

या सगळ्या काटकसरीतून सनस्क्रीनला बाहेर ठेवा. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो. वाटाण्याएवढं लावलं तर ५० चा आकडा चेहऱ्यावर कुठल्या कुठे खाली येतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत पट्टी, एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. रेटिनॉइड लावणाऱ्यांनी तर यात हात आखडताच घ्यायचा नाही, त्यांची त्वचा उन्हाला लवकर लाल होते.

आणि ट्यूब 'संपली' म्हणून टाकण्याआधी कात्रीनं आडवी कापा. भाचीची ती दुसरी ट्यूब मे महिन्यात दाबून दाबून चपटी झाली, एक थेंब बाहेर येईना. दिरांच्या काट्यावर कापून बघितली, आत कडांना १.४ ग्रॅम चिकटलेलं होतं. तिनं ते चमच्यानं खरवडून एका छोट्या स्वच्छ डबीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि आणखी पाच रात्री काढल्या.